तारखांचा तक्ता हे कारकुनी काम नाही

"तारखांचा तक्ता ना? तो ट्रेनीला सांगा. नेटवर तयार मिळतो, वर फक्त आपल्या कंपनीचं नाव घालायचं."

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या कचेऱ्यांमध्ये हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकून घेऊन गप्प बसवत नाही. बोलणारी माणसं अनुभवी असतात. कुणी फायनान्सचा प्रमुख असतो, कुणी संचालक, आणि वाईट याचं वाटतं की कधीकधी खुद्द कंप्लायन्स ऑफिसरच असतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सेबीने काय भरायचं, किती दिवसांत भरायचं, कोणत्या नमुन्यात भरायचं, हे सगळं नियमांत लिहून ठेवलेलं आहे. ते उतरवून एक्सेलमध्ये मांडायचं, एवढंच काम. त्यात डोकं लावण्यासारखं काही नाही. जुन्या माणसांना तारखा तोंडपाठ असतात, सॉफ्टवेअर आठवण करून देतं, आणि एखादी तारीख चुकलीच तर दंड असा किती होणार?

हे मत मला मुळापासून चूक वाटतं. नियम वाचून तक्ता करणं म्हणजे नियमाचा अर्थ लावणं. तक्त्याची प्रत्येक ओळ हा एक निर्णय असतो, आणि तो निर्णय कायद्याने ज्याच्यावर जबाबदारी टाकली आहे त्यानेच घ्यायला हवा.

सुरुवात 'नियमात तारीख दिलेलीच आहे' या समजापासून करू. सेबीचे लिस्टिंगविषयीचे नियम, ज्यांना आम्ही सगळे एलओडीआर म्हणतो, ते 2015 चे. त्यांतला नियम 33 उघडा. वार्षिक निकाल 'आर्थिक वर्ष संपल्यापासून साठ दिवसांत' द्यायचे, असं तिथे आहे. तारीख कुठे आहे? तारीख आपण काढायची. मी एका कंपनीचा तक्ता पाहिला होता, त्यात या ओळीपुढे 31 मे लिहिलं होतं. ज्याने लिहिलं त्या मुलाने 'साठ दिवस' वाचून मनात 'दोन महिने' केलं होतं. एप्रिलचे तीस दिवस आणि मेचे तीस, मिळून साठ. मुदत 30 मे रोजी संपते. 31 तारखेला दिलेला निकाल एक दिवस उशिराचा ठरतो. त्या तक्त्यावर दोन वरिष्ठांच्या सह्या होत्या, आणि दोघांनीही बोटांवर दिवस मोजले नव्हते.

हीच चूक तिमाही निकालांत वेगळ्या वेषात येते. तिथे मुदत पंचेचाळीस दिवसांची. पंचेचाळीस दिवस म्हणजे दीड महिना, म्हणजे दुसऱ्या महिन्याची 15 तारीख, असा हिशेब आपण सहज करून टाकतो. जून तिमाही 30 जूनला संपते. जुलैचे एकतीस दिवस धरले की ऑगस्टचे चौदाच उरतात. 14 ऑगस्ट. सप्टेंबर तिमाहीला 14 नोव्हेंबर, डिसेंबर तिमाहीला 14 फेब्रुवारी. 15 कधीच नाही. शिवाय 'पासून' म्हटलं की पहिला दिवस मोजायचा की सोडायचा, हा प्रश्न आहेच. त्याचं उत्तर एलओडीआरमध्ये मिळत नाही, ते 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 9 मध्ये आहे: पहिला दिवस सोडायचा. जो मुलगा फक्त उतरवून काढतो आहे, तो हे कलम कुठून उघडणार?

ही तर सरळ ओळ झाली. नियमांमधलं घड्याळ प्रत्येक वेळी तिमाहीच्या शेवटीच सुरू होतं असं नाही, आणि तयार तक्ते सर्वांत जास्त फसतात ते इथे. नियम 31 घ्या, भागधारणेच्या विवरणाचं. तक्त्यात ते 'तिमाही, एकवीस दिवस' एवढंच असतं. पण त्याच नियमात आणखी एक ओळ आहे: भांडवलाच्या फेररचनेमुळे भरणा झालेल्या भांडवलात दोन टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर दहा दिवसांत नवं विवरण द्यायचं. या ओळीला तारीख नसते. ती घटना घडेपर्यंत झोपलेली असते आणि घडली की दहाच दिवस देते. कॅलेंडरमध्ये 'तारीख' नावाचा एकच रकाना असेल, तर ती बसणार कुठे? बसत नाही म्हणून ती गळून जाते. मग कंपनी प्रेफरन्शियल इश्यू करते, भांडवल चार टक्क्यांनी वाढतं, आणि सगळे तिमाही संपायची वाट पाहत बसतात.

काही घड्याळं उलटी चालतात. निकालासाठी संचालक मंडळाची बैठक घ्यायची, तर शेअर बाजाराला आधी कळवावं लागतं. नियम 29 प्रमाणे आता ते किमान दोन कामकाजाचे दिवस आधी, आणि त्यात कळवण्याचा दिवसही धरायचा नाही, बैठकीचाही नाही. काही ओळी तर दुसऱ्या ओळीच्या खांद्यावर बसलेल्या असतात. संबंधित पक्षांबरोबरच्या व्यवहारांचं सहामाही विवरण निकाल प्रसिद्ध होतील त्याच दिवशी द्यायचं. म्हणजे त्याला स्वतःची तारीखच नाही, निकालाची तारीख हलली की तेही हलतं. तिमाहीपासून पुढे, घटनेपासून पुढे, बैठकीपासून मागे, दुसऱ्या विवरणाबरोबर: या चार वेगवेगळ्या चालींना एकाच रकान्यात कोंबलं, की तो तक्ता दिसायला नीटनेटका आणि वापरायला धोक्याचा होतो.

आता माझा मुद्दा एका उदाहरणावर पूर्ण उलगडतो, कारण 'कारकुनी' म्हणणाऱ्यांना तो एरवी पटत नाही. 2025 ची जून तिमाही घेऊ. कंपनी महाराष्ट्रातली, नोंदणीकृत कचेरी इथलीच, एक उपकंपनी आहे असं धरू. निकालाची शेवटची तारीख 14 ऑगस्ट, गुरुवार. उतरवून काढणारा माणूस एवढं लिहून पुढच्या ओळीकडे वळतो. बैठक 14 लाच ठेवली जाते, कारण संचालकांना तीच सोयीची असते आणि तक्त्यात तीच लिहिलेली असते.

बैठक संध्याकाळी सहाला संपली. बाजार बंद झाल्यावर संपली म्हणून निकाल तीन तासांत बाजाराला कळवायचे, कामकाजाच्या वेळेत संपली असती तर तीस मिनिटांत. ते होतं. पण नियम 47 प्रमाणे निकालाची जाहिरात बैठक संपल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत वर्तमानपत्रांत यायला हवी, आणि त्यांतलं एक वर्तमानपत्र नोंदणीकृत कचेरी जिथे आहे तिथल्या भाषेतलं हवं. म्हणजे आपल्याकडे मराठी. अठ्ठेचाळीस तास 16 ऑगस्टच्या संध्याकाळी संपतात. 15 च्या अंकात जाहिरात घालायची, तर मजकूर 14 च्या संध्याकाळी, निकाल मंजूर झाल्याबरोबर, वर्तमानपत्राच्या हातात पडला पाहिजे, आणि तोवर जाहिरातींची पानं लागत आलेली असतात. 15 ऑगस्टला वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांना सुट्टी, म्हणून 16 ला बहुतेक मराठी वर्तमानपत्रांचा अंकच निघत नाही. उरलं काय?

म्हणजे 14 ऑगस्ट ही नियमाप्रमाणे अचूक असलेली तारीख या कंपनीसाठी वापरण्याजोगी नव्हती. हे सांगणारं वाक्य नियम 33 मध्ये नाही, नियम 47 मध्येही नाही. ते दोन्ही नियम आणि भिंतीवरचं कॅलेंडर एकत्र वाचल्यावर कळतं. जो तक्ता करतो त्याने हे वाचायचं नाही तर कुणी?

म्हणून बैठक मंगळवारी, 12 ऑगस्टला धरू आणि मागे मोजू. बाजाराला आगाऊ सूचना: बैठकीचा दिवस सोडला, मधले दोन कामकाजाचे दिवस सोमवार 11 आणि शुक्रवार 8, कारण 9 आणि 10 शनिवार-रविवार. म्हणजे सूचना गुरुवारी 7 तारखेला गेलीच पाहिजे. संचालकांना बैठकीची सूचना किमान सात दिवस आधी, सूचनेचा आणि बैठकीचा दिवस सोडून. म्हणजे सोमवार, 4 ऑगस्ट. निकालावर वैधानिक लेखापरीक्षकाचा लिमिटेड रिव्ह्यू हवा, आणि एकत्रित निकाल असतील तर एकत्रित महसूल, मालमत्ता आणि नफा यांतला प्रत्येकी किमान ऐंशी टक्के भाग लेखापरीक्षण किंवा रिव्ह्यूखालून गेलेला हवा. म्हणून उपकंपनीच्या लेखापरीक्षकाकडून आकडे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आले नाहीत, तर पुढचं सगळं गडगडतं. मी अशा कंपनीच्या तक्त्यात 25 जुलै ही तारीख ठळक करते आणि तिच्यापुढे उपकंपनीच्या लेखाधिकाऱ्याचं नाव लिहिते. त्या तारखेला सेबीशी काही देणंघेणं नाही. तरी पूर्ण ओळीत तीच सर्वांत मोलाची. 25 ला आकडे आले नाहीत तर 28 ला मी फोन करू शकते. 14 ऑगस्टला कळून मी काय करणार?

एवढं केल्यावर जी ओळ तयार होते तिच्यात सहा तारखा असतात, आणि नियमातून थेट आलेली त्यांपैकी एकच. बाकी पाच कुणीतरी विचार करून काढलेल्या. याला कारकुनी म्हणणाऱ्याने ती एकदा स्वतः काढून दाखवावी.

नमुन्यांबद्दलही असंच बोललं जातं. 'नमुना सेबीने दिलाय, एक्सबीआरएल फाइल बाजाराच्या पोर्टलवरून उतरवायची, भरायची, चढवायची.' भागधारणेचं विवरण भरलेल्या कुणालाही विचारा. त्याची माहिती कंपनीकडे नसतेच. ती आरटीएकडून येते, डिपॉझिटऱ्यांच्या बेनपोस यादीतून. एकाच माणसाची दोन डीमॅट खाती असली तर पॅनवरून ती एकत्र करायची. एक टक्का किंवा जास्त समभाग असलेला जनतेतला भागधारक नावानिशी दाखवायचा. दोन खात्यांत प्रत्येकी पाऊण टक्का असलेला माणूस पॅन जुळवला नाही तर यादीतून अदृश्य होतो, आणि फाइल तरी विनातक्रार स्वीकारली जाते. प्रवर्तकाच्या पत्नीने नवं खातं उघडून शेअर घेतले आणि तिचा पॅन आरटीएच्या प्रवर्तक यादीत घातला नाही, तर ते शेअर जनतेच्या तक्त्यात जातात. पोर्टल फक्त बेरीज जुळते का एवढं पाहतं, माणूस योग्य रकान्यात आहे का हे पाहत नाही. म्हणून तक्त्यात 'नमुना' या रकान्यात मी नुसतं 'एक्सबीआरएल' लिहून थांबत नाही. माहिती कुणाकडून येणार, ती कोण तपासणार, युटिलिटीची कोणती आवृत्ती वापरायची, सही कुणाची, आणि पावती कुठे ठेवली जाणार, हे सगळं त्या नमुन्याचाच भाग आहे.

आणि इथे एक गोष्ट अशी आहे जी नियम ओळीने उतरवणाऱ्याला कधीच दिसणार नाही. भागधारणेचं विवरण एकवीस दिवसांत, जून तिमाहीला 21 जुलैपर्यंत. भांडवलाचा ताळमेळ दाखवणारा लेखापरीक्षण अहवाल तीस दिवसांत, म्हणजे 30 जुलैपर्यंत. हा दुसरा अहवाल एलओडीआरमध्ये नाही, तो डिपॉझिटरीविषयक 2018 च्या नियमावलीतल्या नियम 76 खाली येतो. फक्त एलओडीआर समोर ठेवून तक्ता केला तर ही ओळ राहूनच जाते. राहिली नाही तरी ती नऊ दिवस खाली, वेगळ्या पानावर असते. पण दोघांचा कच्चा माल एकच: एनएसडीएल, सीडीएसएल आणि कागदी स्वरूपातले समभाग किती. 30 तारखेला ताळमेळ करताना तीनशे समभागांचा फरक सापडला, तर 21 ला दिलेलं विवरण चुकीचं होतं हे तेव्हा कळतं, आणि मग सुधारित विवरण भरण्याची नामुष्की. मी या दोन ओळी एकाखाली एक ठेवते आणि दोघींना एकच आतली तारीख देते. ताळमेळ आधी, विवरण नंतर. तक्ता नियमांच्या क्रमाने लावायचा नसतो, माहितीच्या उगमाने लावायचा असतो. हे मला पहिल्या तीन वर्षांत कुणी सांगितलं नाही. एक सुधारित विवरण भरल्यावर कळलं.

एखादी ओळ आपल्याला लागू आहे की नाही, हाही वाचनाचाच प्रश्न. कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या तरतुदींमधून नियम 15 खाली लहान कंपन्यांना सूट आहे: भरणा झालेलं भांडवल दहा कोटींपेक्षा जास्त नाही आणि नक्त मालमत्ता पंचवीस कोटींपेक्षा जास्त नाही. त्या 'आणि'वर बोट ठेवा. भांडवल आठ कोटी आणि नक्त मालमत्ता एकतीस कोटी असलेली कंपनी सूट घेऊ शकत नाही. पण 'आमचं भांडवल दहा कोटींच्या आतलं' एवढ्यावर तक्त्यातून ओळी खोडलेल्या मी पाहिल्या आहेत. खोडताना का खोडलं हे लिहून ठेवायची पद्धत असती, तर लिहितानाच हात अडखळला असता.

आता तयार तक्त्याकडे येऊ, कारण सगळ्यांचा भरवसा त्याच्यावर. नेटवरचा तक्ता चुकीचाच असतो असं मी म्हणत नाही. तो ज्या दिवशी केला त्या दिवशी बरोबर असेलही. अडचण एवढीच की तो कोणत्या दिवशी केला हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. संबंधित पक्षांच्या व्यवहारांचं विवरण पूर्वी निकालानंतर तीस दिवसांत द्यायचं होतं, मग पंधरा दिवसांत, आणि 1 एप्रिल 2023 पासून निकालाच्याच दिवशी. पंधरा दिवसांच्या काळातला तक्ता कुणी उतरवला असेल तर तो पंधरा दिवस उशीर करणार. या नियमाचा दंड दिवसाला पाच हजार. पंधरा दिवसांचे पंचाहत्तर हजार, त्यावर अठरा टक्के जीएसटी, एकूण 88,500 रुपये. एका शिळ्या ओळीची ही किंमत.

उलटही होतं. 31 डिसेंबर 2024 च्या परिपत्रकाने सेबीने अनेक तिमाही विवरणं एकत्र करून इंटिग्रेटेड फायलिंग आणलं: गव्हर्नन्सची माहिती तीस दिवसांत, आर्थिक माहिती निकालाच्या मुदतीत. आधी गव्हर्नन्स अहवाल आणि गुंतवणूकदारांच्या तक्रारींचं विवरण एकवीस दिवसांत वेगवेगळं जायचं. जुना तक्ता धरून बसलेल्या कंपनीने तारीख पाळली असेल, पण चुकीच्या नमुन्यात. म्हणून माझ्या तक्त्यात प्रत्येक ओळीला एक रकाना असतो: मूळ मजकूर शेवटचा कधी वाचला. दर तिमाहीच्या पहिल्या आठवड्यात मी नियम आणि मास्टर सर्क्युलर उघडून त्या ओळी पुन्हा वाचते. पूर्ण दुपार जाते. ती दुपार वाचवण्यासाठी जे दुसऱ्याचा तक्ता उतरवतात, ते तो तक्ता करणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती आपली सही देत असतात.

'माझ्या डोक्यात सगळं आहे' म्हणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, त्यांच्या डोक्यात ते खरंच असतं. पण कंपनीच्या डोक्यात ते नसतं. कंप्लायन्स ऑफिसर नोकरी सोडून गेला, तर ती जागा तीन महिन्यांच्या आत भरायला एलओडीआर सांगतं. वर्षातले कुठलेही सलग तीन महिने घ्या, त्यांत एका तिमाहीचा शेवट येणारच. म्हणजे कंपनीने कायदा काटेकोर पाळूनही एका पूर्ण तिमाहीची विवरणं तिला अशा माणसाविना भरावी लागू शकतात. त्या वेळी मागे काय उरतं? एक फाइल उरते, नाहीतर काहीच नाही. आणि सॉफ्टवेअरची आठवण? त्यात 31 मे भरलं असेल तर ते 31 मेचीच आठवण करून देईल, अगदी वेळेवर.

राहिला दंड. निकालाला उशीर झाला तर दिवसाला पाच हजार, भागधारणेच्या विवरणाला दोन हजार. एका दिवसाचे जीएसटीसह 5,900 रुपये. 'एवढ्याची कसली चिंता?' हा प्रश्न मला एका संचालकाने सरळ विचारला होता. उत्तर असं आहे. तो दंड नुसता भरून संपत नाही. तो पुढच्या बैठकीत मंडळासमोर ठेवावा लागतो आणि मंडळाचं म्हणणं बाजाराला कळवावं लागतं. गव्हर्नन्सच्या तरतुदी लागू असलेल्या कंपनीला तो वार्षिक अहवालात मागच्या तीन वर्षांच्या दंडांमध्ये दाखवावा लागतो. म्हणजे एका चुकलेल्या दिवसाची नोंद तीन अहवालांत छापली जाते आणि कर्ज देणारी बँक, मोठा गुंतवणूकदार, उद्याचा स्वतंत्र संचालक, सगळे ती वाचतात. चूक सुरूच राहिली, दंड थकला, तर प्रवर्तकांचे समभाग गोठवले जातात. सलग दोन तिमाह्या विवरण आलं नाही तर शेअर झेड गटात जातो, आणि तिथे त्याचे व्यवहार करणाऱ्या सामान्य भागधारकाची पंचाईत होते. ज्याने काहीच चूक केली नाही अशा माणसाला याची झळ लागते. 5,900 हा आकडा त्याला कसा समजावून सांगायचा?

मी ट्रेनीच्या विरुद्ध नाही. माझ्या हाताखालची मुलं तक्त्यावर काम करतात, पावत्या लावतात, तारखा पुन्हा मोजतात, आणि दोनदा त्यांनी माझीच चूक पकडली आहे. पण ओळीचा पहिला मसुदा माझा असतो: कोणतं कलम, आपल्याला का लागू, घड्याळ कशापासून सुरू, दिवस कसे मोजले, आतली तारीख कोणती आणि ती कुणाची. हे काम खाली ढकलता येत नाही, कारण नियम 6 ने कंप्लायन्स ऑफिसर म्हणून पात्रताधारक कंपनी सेक्रेटरीच नेमायला सांगितलं आहे आणि नियमांचं पालन होतं आहे याची जबाबदारी त्याच्यावर टाकली आहे. ज्याच्यावर जबाबदारी, त्याने मूळ मजकूर वाचायचा नाही आणि दुसऱ्याने उतरवलेल्या तारखांवर सही करायची, ही पद्धत थांबली पाहिजे.

2025 च्या सप्टेंबर तिमाहीचं भागधारणा विवरण 21 ऑक्टोबरपर्यंत द्यायचं होतं. त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं, आणि सुट्टी आली म्हणून मुदत पुढे जाते असं वाक्य नियम 31 मध्ये नाही. आमच्या तक्त्यात त्या ओळीवर 14 ऑक्टोबर लिहिलेलं होतं. तुमच्या तक्त्यात काय लिहिलं होतं, ते आज फाइल उघडून पाहा.